कोल्हापुरातल्या ऑफिसकरांसाठी कारपूल ॲप: नाव ठरवण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही दिवसांत शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या तीन-चार मंडळींनी वेगवेगळ्या वेळी एकच विषय काढला. सकाळी गावातून एकाच कंपनीकडे चाळीस गाड्या निघतात आणि प्रत्येकीत एकच माणूस असतो, म्हणून ॲप काढायचं आहे. ॲपचं काम निम्म्यावर आलं तरी नावावर गाडी अडलेली. ट्रेडमार्कचे अर्ज भरणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतात. उत्तरं सारखी सारखी द्यावी लागतात, म्हणून इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणांतली नावं चर्चेपुरती घेतली आहेत. त्यातलं कुठलंही मोकळं आहे असं समजून लगेच बोर्ड रंगवू नका.

आमचं ॲप टॅक्सीचं नाहीच. मग टॅक्सी कंपनीच्या नावाशी आमचा संबंध काय?

तुमच्या लेखी कारपूल आणि टॅक्सी वेगळ्या असतील. ट्रेडमार्कच्या हिशेबात दोन्ही एकाच दालनात बसतात. माल आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. त्यात प्रवासी वाहतूक आणि तिची व्यवस्था ३९ मध्ये येते, डाउनलोड करायचं ॲप ९ मध्ये आणि ऑनलाइन चालणारं सॉफ्टवेअर ४२ मध्ये. ओला, उबर, रॅपिडो यांच्यासारख्या कंपन्याही याच वर्गांत असणार. वर उबरने 'पूल' आणि ओलाने 'शेअर' या नावांनी सीट वाटून घेण्याची सेवा आधीच चालवलेली आहे. त्यामुळे 'आमचा धंदा निराळा' हे उत्तर फार पुढे जात नाही.

ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार आधीच्या चिन्हासारखं नाव, सारख्या किंवा जवळच्या सेवेसाठी, लोकांचा गोंधळ होईल असं असेल तर नोंदणी नाकारता येते. गोंधळ म्हणजे फक्त चुकून दुसरं ॲप उघडणं नव्हे. 'हे त्यांचंच नवीन काहीतरी दिसतंय' असं वाटलं तरी तो गोंधळच.

ती कंपनी आमच्या गावात धड चालतही नाही. तरी अडचण?

तरीही. नोंदणी साऱ्या देशाला लागू असते. कंपनीची एकही गाडी तावडे हॉटेलच्या पुढे आली नाही तरी तिचा हक्क कोल्हापुरात असतो. शिवाय ॲप काही कावळा नाक्यावर विकलं जात नाही. प्ले स्टोअरवर तुमचं आणि त्यांचं चिन्ह एकाखाली एक दिसणार.

'कोल्हापूर'वरून 'कोला' घेतलं आणि KolaRide केलं तर? गावाचंही नाव येतं.

हे नाव जवळपास प्रत्येक गटाला सुचतं, म्हणून जरा सविस्तर पाहू.

परीक्षक किंवा न्यायालय नाव अख्खं बघतं. पण त्यातला कुठला भाग लक्षात राहतो हेही बघतं. Ride हा शब्द या धंद्यात सगळेच वापरतात, तो कुणाचा नाही. तो डोळ्याआड केला की उरतं KOLA. त्यात OLA ही तीन अक्षरं जशीच्या तशी आहेत, पुढे फक्त एक K. आता ते तोंडाने म्हणून बघा. हायवेच्या पुलाखाली उभं राहून, मागून एसटीचा हॉर्न वाजत असताना, कुणी फोनवर 'कोला बुक केली' म्हणालं तर पलीकडच्याला काय ऐकू येईल? सुरुवातीचा 'क' गोंगाटात पहिला गळतो.

आणि ऐकू येणं कायद्यात मोजलं जातं. कलम २९ च्या पोटकलम ९ प्रमाणे शब्द असलेल्या चिन्हाचं उल्लंघन नुसत्या बोलण्यानेही होऊ शकतं, छापलंच पाहिजे असं नाही. तुम्ही म्हणाल, आमचं 'कोला' कोल्हापूरवरून आलंय, तो पुरावा देऊ. द्या, पण नाव कशावरून सुचलं यापेक्षा ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं हे जास्त मोजलं जातं. त्यात मराठी माणसाला 'कोला' म्हटल्यावर कोल्हापूरच्या आधी बाटली किंवा कोल्हा आठवतो, हे वेगळंच. माझं मत विचाराल तर हे नाव पहिल्याच दिवशी खोडा.

'ओळख' तर शुद्ध मराठी शब्द आहे. त्याला कोण हरकत घेणार?

देवनागरीत 'ओळख' निर्मळ आहे. पण लोक ॲप शोधताना रोमनमध्ये टाइप करतात, आणि तिथे ते Olakh होतं. पहिली तीन अक्षरं Ola. शोधपट्टीत एवढंच टाइप झालं की तुमचं ॲप एका मोठ्या कंपनीच्या खाली येऊन बसणार. ते तुम्ही मुद्दाम केलं नाही एवढं सांगून भागत नाही.

अर्थ वेगळा आहे म्हणून सुटका होते का? इथे सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा निकाल माहीत असलेला बरा. तपकिरीचे दोन व्यापारी होते. एकाचं चिन्ह 'श्री अंबाळ', दुसऱ्याचं 'श्री आंडाळ'. एक देवी, दुसरी वैष्णव संत. चित्रं वेगळी, अर्थ वेगळे, जाणकार माणसाचा घोटाळा होणार नाही. तरी न्यायालयाने म्हटलं की साम्य डोळ्याइतकंच कानानेही तपासायचं, आणि कानाला ही दोन नावं फार जवळची आहेत. 'आंडाळ'ची नोंदणी झाली नाही.

'ओळख'च्या बाजूने बोलण्यासारखंही आहे. 'ळ' आणि शेवटचा 'ख' मराठी कानाला स्पष्ट वेगळा ऐकू येतो, आणि शब्द अख्खा पाहायचा हा नियमही आहे. चांगला वकील यावर भांडू शकेल. पण भांडण मुंबईच्या रजिस्ट्रीत किंवा न्यायालयात, समोर पगारी वकिलांची फौज, आणि तुमच्याकडे मात्र तीन भागीदारांची वर्गणी. जिंकता येईल असं नाव आणि भांडावंच लागणार नाही असं नाव, यात दुसरं घ्या.

हीच चाळणी बाकीच्या शब्दांनाही लावा. 'उंबर' रोमनमध्ये Umbar होतं आणि Uber पासून फार लांब राहत नाही. 'रपेट'चं Rapet होतं. लिहिताना ठीक, पण पुढे 'गो' किंवा 'डो' जोडायचा मोह झाला की रॅपिडोच्या दारात.

स्पेलिंग बदललं, एखादं अक्षर दुप्पट केलं तर चालतं का?

नाही. सिफी आणि सिफ्फी हा वाद २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दोन्हींत फरक एका f चा. न्यायालयाने डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं असं सांगितलं आणि सिफी कंपनीच्या बाजूने कौल दिला. Oola, Ubber, Rappido असल्या युक्त्या उलट अंगाशी येतात, कारण त्यातून हेतू उघडा पडतो.

'वडाप' ठेवलं तर? कोल्हापुरात लहान पोरालाही कळतं.

अडचण नेमकी तीच आहे. प्रवासी भरून, सीट वाटून जाणाऱ्या जीपला आपल्याकडे वडापच म्हणतात. जो शब्द सेवेचंच नाव आहे तो एकट्याच्या मालकीचा करता येत नाही. कलम ९ प्रमाणे सेवेचं वर्णन करणारी किंवा धंद्यात रूढ झालेली नावं नोंदली जात नाहीत. टॅक्सी कंपनीशी टक्कर होणार नाही हे खरं. पण उद्या शेजारच्याने 'माझं वडाप' नावाचं ॲप काढलं तर त्याला थांबवायला तुमच्या हातात काही नसेल.

दुसरी गोष्ट कायद्यापेक्षा व्यवहाराची. वडाप म्हटलं की विनापरवाना वाहतूक डोळ्यांसमोर येते. तुमच्या गाड्या पांढऱ्या पाटीच्या, खासगी. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला परवाना आणि पिवळी पाटी लागते. अशा वेळी ॲपच्या नावात वडाप, टॅक्सी, कॅब किंवा भाडं यांपैकी काहीही लिहिणं म्हणजे आरटीओला आपणहून बोलावणं. नाव खर्च वाटून घेणाऱ्या सहकाऱ्यांचं वाटलं पाहिजे, गाडी भाड्याने देणाऱ्यांचं नव्हे.

'कोल्हापूर कारपूल'चंही थोडं असंच आहे. गावाचं नाव अधिक सेवेचं नाव, म्हणजे नोंदणीला कमजोर. पण ते वाया घालवू नका. ॲपच्या छोट्या वर्णनात टाका, शोधात सापडायला उपयोग होतो.

'महा' लावून काहीतरी?

गर्दी आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारच्या स्वतःच्या ॲपसाठी महा-राइड, महा-यात्री, महा-गो अशी नावं चर्चेत आली होती आणि पुढे 'छावा राइड' हे नाव जाहीर झालं. या ओळीतलं नाव घेतलं तर लोक तुम्हाला सरकारी समजतील आणि तक्रारीही तुमच्याकडेच करतील.

छत्रपतींचं किंवा अंबाबाईचं नाव?

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र धंद्यासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याने मनाई आहे. देवतेच्या नावावर धार्मिक भावनांच्या मुद्द्याने हरकत येऊ शकते. दोन्ही सोडून द्या.

मग घ्यायचं तरी कसलं नाव?

सेवेचं वर्णन न करता तिच्याकडे बोट दाखवणारं. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवतो.

कागलला जाणाऱ्या एका गटाचं म्हणणं होतं की त्यांचं कारपूल पाळीचं आहे. सोमवारी एकाची गाडी, मंगळवारी दुसऱ्याची, पैशाचा व्यवहार जवळपास नाहीच. शेतकरी घरातल्या माणसाला यावर लगेच शब्द सुचतात: सावड, इर्जिक, पैरा. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या.

'सावड' आधी चर्चेला आलं आणि आधीच बाद झालं. सावडणं म्हटलं की तिसऱ्या दिवशीची राख आठवते. रोज सकाळी गाडीत बसताना हे कुणाला नको. शिवाय रोमनमध्ये Savad की Sawad, हा घोळ कायमचा. 'इर्जिक' चांगलं आहे, पण शहरातल्या तरुण मुलांना उच्चार सांगावा लागला. 'पैरा' उरलं. दोन अक्षरांचं, सुरुवातीचा 'प' ठाशीव, आणि 'पैरा फेडला का?' हा वाक्प्रचार ॲपमध्ये जसाच्या तसा वापरता येतो. गाडी, प्रवास, सीट यांतलं काहीच त्या शब्दात नाही, म्हणून वर्णनाची हरकत कमजोर पडते.

आता चाळण्या. पहिली कानाची. गटाबाहेरच्या चार-पाच माणसांना फोन करून नाव एकदाच सांगायचं आणि व्हॉट्सॲपवर रोमनमध्ये लिहून पाठवायला लावायचं. Paira, Payra, Pyra, Paira App, जे येईल ते सगळं टिपून ठेवायचं. एकानेही Ola, Uber, Rapido, Meru, inDrive किंवा Namma Yatri च्या जवळचं काही लिहिलं तर नाव परत घ्यायचं. यादीत कारपूलचे जुने खेळाडूही हवेत, म्हणजे Quick Ride आणि BlaBlaCar. नाहीतर टॅक्सीवाल्यांपासून वाचून आपल्याच आळीत भांडण.

दुसरी चाळणी रजिस्ट्रीची. तिसरी स्टोअर आणि डोमेनची. दोन्ही पुढच्या प्रश्नांत.

रजिस्ट्रीत शोध कसा घ्यायचा? वकीलच लागतो का?

पहिला शोध घरी बसून होतो. ipindia.gov.in वर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध मोफत आहे. शब्दाच्या शोधात Start With, Contains आणि Match With असे पर्याय मिळतात, आणि Phonetic हा वेगळा प्रकार आहे. शोध एका वेळी एकाच वर्गात होतो, म्हणून ३९, ९ आणि ४२ तिन्ही स्वतंत्रपणे बघा.

लोक काय करतात, नेमकं स्वतःचं स्पेलिंग Match With मध्ये टाकतात, काही सापडत नाही, आणि पेढे वाटतात. तो शोध नव्हेच. कानाच्या चाचणीत आलेलं प्रत्येक स्पेलिंग टाका. मग नावाचा गाभा Contains मध्ये टाका. Phonetic वर एकट्याने विसंबू नका, कारण v आणि w, i आणि ee, a आणि aa अशा मराठीतल्या नेहमीच्या अदलाबदली स्वतः लिहून तपासलेल्या बऱ्या.

निकालात स्थितीही वाचा. Registered असेल तर उघड आहे. Objected किंवा Opposed म्हणजे वाद चालू, पण तो अर्ज तुमच्या आधीचा आहे. Abandoned किंवा Refused दिसलं की सगळे खूश होतात. तिथे जरा थांबा. अर्ज सोडून दिला म्हणजे धंदा बंद केला असं नाही. नोंदणी नसतानाही आधीपासून नाव वापरणारा माणूस तुम्हाला अडवू शकतो. त्या नावाचं ॲप किंवा वेबसाइट चालू आहे का, हे बाहेर शोधून बघा.

दोन-तीन जवळची नावं सापडली आणि निर्णय होईना, तर तेव्हा माणसाला पैसे द्या. त्याआधी नाही.

कंपनीचं नाव मंजूर झालंय. म्हणजे सुरक्षित ना?

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. कंपनी नोंदणीत मिळालेली मंजुरी कंपनीच्या कागदापुरती असते. डोमेन मिळालं म्हणजे फक्त तो पत्ता मिळाला. उद्यम नोंदणीचंही तेच. यातल्या कशानेच ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही.

प्ले स्टोअरवर टाकताना नावाबद्दल काय बघायचं?

शीर्षकाला ३० अक्षरांची मर्यादा आहे, ॲपलकडेही तेवढीच. पण खरी मेख पॅकेज नावात आहे. समजा तुम्ही घाईत हे टाकलंत:

```
com.kolaride.app
```

ॲप प्रकाशित झाल्यावर शीर्षक कधीही बदलता येतं, पॅकेज नाव बदलता येत नाही. उद्या नाव सोडावं लागलं तर नवीन ॲप म्हणून पुन्हा चढवावं लागतं, आणि जुने वापरकर्ते, रेटिंग, अभिप्राय सगळं मागे राहतं. नाव पक्कं नसेल तर पॅकेजमध्ये ॲपचं नाव घालूच नका, संस्थेचं तटस्थ नाव घाला.

चिन्हाच्या रंगाकडेही बघा. रॅपिडोचा पिवळा किंवा ओलाचा पोपटी-काळा घेऊन, वर नावही जवळचं ठेवलं, तर दोन कच्चे मुद्दे मिळून एक पक्का होतो.

अर्जाला किती खर्च, आणि एकच वर्ग परवडत असेल तर कुठला?

व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. अर्ज TM-A या फॉर्मवर. दोन वर्ग घेतले की फी दुप्पट. एकच घ्यायचा तर ३९ घ्या, कारण टक्कर तिथेच होते. पैसे आले की ९. नाव चित्रात न गुंतवता साध्या अक्षरांत नोंदवा. देवनागरी रूप पुढे वेगळ्या अर्जाने घेता येतं. तिथे शब्दाचं लिप्यंतर आणि अर्थ नीट लिहा, उगाच 'काल्पनिक शब्द' असं ठोकून देऊ नका.

नाव अजून वापरात नसेल तर 'वापरण्याचा विचार आहे' असंच सांगा. आधीची तारीख दाखवायची तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. अर्ज केल्यावर नावापुढे ™ लावू शकता. ® मात्र नोंदणी मिळाल्यावरच. आधी लावणं गुन्हा आहे.

अर्ज केला, कुणीच काही बोललं नाही. म्हणजे सुटलो?

अजून नाही. आधी परीक्षण अहवाल येतो. त्यात कलम ११ खाली जुनी चिन्हं दाखवलेली असतील तर महिनाभरात उत्तर द्यावं लागतं. स्वीकारलं गेलं की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं आणि तिथून चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. मोठ्या कंपन्यांचे वकील हे जर्नल नेमाने चाळतात. तुमची पन्नास माणसं कागलला जातात की पाच हजार, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. विरोधाची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रत्युत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. पुष्कळ अर्ज असेच मरतात, कारण ई-मेल पत्ता आधीच्या सल्लागाराचा असतो आणि तो बघत नाही. अर्जात स्वतःचा पत्ता घाला.

सगळं पार पडलं तर नोंदणी दहा वर्षांसाठी मिळते, पुढे नूतनीकरण.

ॲप चालू झालं आणि टॅक्सी कंपनीचं वकिली पत्र आलं तर?

उत्तराची मुदत बघा आणि त्या आत उत्तर द्या. गप्प बसलात तर ते थेट स्टोअरकडे तक्रार करतात. ॲप आधी उतरतं, वाद नंतर चालू राहतो. पत्रात कुठल्या नोंदणीचा क्रमांक आणि वर्ग दिला आहे, तो रजिस्ट्रीत तपासा. कधी कधी दाखवलेलं चिन्ह भलत्याच वर्गातलं निघतं. नाव खरंच जवळचं असेल आणि वापरकर्ते अजून थोडे असतील, तर वेळ मागून नाव बदलणं स्वस्त पडतं. बहुतेक कंपन्यांना भरपाईपेक्षा तुम्ही बाजूला होणं हवं असतं, म्हणून दोन-तीन महिन्यांची सवलत मागितली तर बरेचदा मिळते. मागताना पुढचं नाव वर सांगितलेल्या चाळण्यांतून काढून तयार ठेवा, आणि पत्राला व्हॉट्सॲपवर उत्तर देऊ नका.